धंदा वाढला की पैसा का आटतो? एका दालमिलच्या ताळेबंदातून मांडलेला हिशोब

बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे बोलीभाषेतल्या 'सीसी'ची मर्यादा दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. त्या वेळी भरायच्या कागदांत 'पुढील वर्षाची अंदाजित विक्री' असा एक रकाना असतो. लातूर, जालना, नांदेडच्या औद्योगिक वसाहतींत हा रकाना बहुधा दोन मिनिटांत भरला जातो. गेल्या वर्षीच्या आकड्यात वीस-पंचवीस टक्के मिळवायचे आणि पुढे जायचे, अशी रीत आहे. लातूरच्या एका दालमिलचे मालक मागे असेच पंचवीस टक्के लिहून माझ्याकडे आले. जाता जाता त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र त्या रकान्यापेक्षा मोलाचा होता. "साहेब, विक्री दरवर्षी वाढते, ताळेबंदात नफाही दिसतो, मग खात्यावर पैसा का दिसत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर दोन हिशोबांत आहे. ठरावीक वाढीसाठी बाहेरून किती पैसा आणावा लागेल, हा पहिला हिशोब. कर्जाचा भार आजच्यापेक्षा जड होऊ न देता धंदा किती वाढू शकतो, हा दुसरा. दोन्हींसाठी बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी एवढेच गणित पुरते. खाली त्याच मिलचे आकडे सोयीसाठी गोल करून घेतले आहेत आणि सर्व रकमा लाखांत आहेत.

पेरणी आधी, पट्टी नंतर

दोन एकर कसणाऱ्या शेतकऱ्याने यंदा आणखी दोन एकर बटाईने घेतले, तर बी, खत आणि मजुरीचा पैसा त्याला जूनमध्येच दुप्पट लागतो. तुरीची पट्टी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत हातात येते. शेती फायद्याची असली तरी जूनमधली ओढाताण चुकत नाही. दालमिलचेही तसेच आहे. जास्त डाळ विकायची तर आधी जास्त तूर घेऊन ठेवावी लागते आणि जास्त व्यापाऱ्यांना उधारीवर माल द्यावा लागतो. नफा या सगळ्याच्या शेवटी येतो, तोही विक्रीच्या मानाने अगदी पातळ.

या मिलची वर्षाची विक्री १००० लाख, म्हणजे दहा कोटी रुपये आहे. कर भरून उरणारा निव्वळ नफा विक्रीच्या ३ टक्के, म्हणजे ३० लाख आहे. ही भागीदारी संस्था असल्याने लाभांशाऐवजी भागीदार घरखर्चासाठी उचल करतात. ती १२ लाख आहे. म्हणजे नफ्याचा ६० टक्के भाग, १८ लाख रुपये, धंद्यातच राहतो.

३१ मार्चच्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक २०, उधारीचे येणे १००, तूर आणि डाळीचा साठा १६० आणि यंत्रे व इमारत १२० अशी एकूण ४०० लाखांची मालमत्ता आहे. दुसऱ्या बाजूला मालाचे देणे ४०, बँकेची सीसी १२०, यंत्रांसाठी घेतलेले मुदत कर्ज ६० आणि भागीदारांचे भांडवल १८० आहे. बँकेचे दोन्ही मिळून १८० आणि मालकांचेही १८० आहेत, हे लक्षात ठेवावे. कर्ज आणि स्वतःचे भांडवल यांचे प्रमाण इथे नेमके एकास एक आहे.

विक्रीबरोबर काय वाढते आणि काय आपोआप वाढत नाही?

या पद्धतीचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. ताळेबंदातल्या काही रकमा विक्रीच्या मागोमाग चालतात. आज साठा विक्रीच्या १६ टक्के, म्हणजे साधारण ५८ दिवसांचा आहे. उधारी १० टक्के, म्हणजे साडेछत्तीस दिवसांची आहे. मालाचे देणे ४ टक्के, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांचे आहे. धंद्याची रीत बदलली नाही तर विक्री वाढल्यावरही हे दिवस तेवढेच राहतील, म्हणून या रकमा विक्रीच्याच प्रमाणात वाढतील, असे धरायचे. बँकेचे कर्ज मात्र असे आपोआप वाढत नाही, त्यासाठी कोणाला तरी अर्ज करावा लागतो. म्हणून कर्ज जिथल्या तिथे ठेवायचे आणि भांडवलात फक्त धंद्यात ठेवलेला नफा मिळवायचा. असा पुढच्या वर्षाचा ताळेबंद मांडला की दोन्ही बाजू जुळत नाहीत. तो फरक म्हणजेच बाहेरून आणावा लागणारा निधी.

विक्री पंचवीस टक्क्यांनी वाढून १२५० झाली, असे धरू. मिल आज पूर्ण क्षमतेने चालते आणि यंत्रेही त्याच प्रमाणात वाढवावी लागतील, असेही तूर्त धरू.

| बाब | आज | पुढील वर्ष |
|---|---|---|
| रोख व बँक | २० | २५ |
| उधारीचे येणे | १०० | १२५ |
| साठा | १६० | २०० |
| यंत्रे व इमारत | १२० | १५० |
| एकूण मालमत्ता | ४०० | ५०० |
| मालाचे देणे | ४० | ५० |
| सीसी | १२० | १२० |
| मुदत कर्ज | ६० | ६० |
| भांडवल | १८० | २०२.५ |
| एकूण देणी व भांडवल | ४०० | ४३२.५ |

भांडवलाचा आकडा असा आला: १२५० वर ३ टक्के नफा ३७.५, त्यातली ४० टक्के उचल १५, राहिले २२.५, ते १८० मध्ये मिळवले. एका बाजूला ५०० आणि दुसऱ्या बाजूला ४३२.५ आहेत. कमी पडतात ६७.५ लाख.

हेच थोडक्यात सांगायचे तर मालमत्तेत १०० लाखांची वाढ झाली, त्यातले १० लाख माल देणाऱ्यांनी सांभाळले, २२.५ लाख नफ्यातून आले आणि बाकीचे ६७.५ लाख कोणीतरी आणायचे आहेत. मालकांच्या प्रश्नाचे उत्तर याच ओळीत आहे. नफा खोटा नव्हता. तो पोत्यांच्या थप्पीत आणि व्यापाऱ्यांच्या उधारीत जाऊन बसला होता, आणि तिथेही तो पुरत नव्हता.

यंत्रांचा रकाना टक्केवारीला जुमानत नाही

वरच्या मांडणीत यंत्रांची किंमत १२० वरून १५० झाली, पण प्रत्यक्षात कोणी पंचवीस टक्के यंत्र विकत घेत नाही. रंगावरून डाळ निवडणारे सॉर्टेक्स मशीन एक तर आहे तेवढे पुरते, नाही तर नवे अख्खे घ्यावे लागते. म्हणून या पद्धतीत पहिला प्रश्न विचारायचा तो मिल आज किती टक्के क्षमतेने चालते हा. मालकांनी तिथूनच मिलच्या मुनीमजींना फोन लावला. हंगाम धरून वर्षाची सरासरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे, असे उत्तर आले.

ऐंशी टक्के क्षमतेत १००० लाखांची विक्री होत असेल, तर याच यंत्रांवर १२५० पर्यंत जाता येते. म्हणजे पुढच्या वर्षी यंत्रांसाठी ३० लाखांची गरज नाही आणि निधीची तूट ६७.५ वरून ३७.५ वर येते. फोनवरच्या एका उत्तराने गरज जवळजवळ निम्मी झाली. मात्र त्या वर्षाअखेर मिल शंभर टक्क्यांवर पोहोचलेली असेल आणि त्यानंतरच्या वर्षी यंत्रांचा सगळा खर्च एकदम अंगावर येईल. टाळलेली रक्कम वाचली असे समजून ती उचलीत काढणारे मी पाहिले आहेत. त्यांना दोन वर्षांनी अर्ज घेऊन पळापळ करावी लागते.

उलट अडचणही येते. विक्रीतली वाढ तुरीचा भाव चढल्यामुळे झाली असेल, पोती तेवढीच असतील, तर यंत्रांना काही लागत नाही, पण साठा आणि उधारी यांत मात्र पूर्ण पंचवीस टक्के जास्त पैसा अडकतो. म्हणून 'विक्री पंचवीस टक्के वाढेल' एवढे पुरेसे नाही. क्विंटल किती वाढणार आणि भाव किती, हे वेगवेगळे लिहावे लागते.

कर्जाचा भार न वाढवता किती वाढता येईल?

आता दुसरा हिशोब. अमेरिकेतील वित्तशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हिगिन्स यांनी १९७७ साली तो 'सस्टेनेबल ग्रोथ रेट' या नावाने मांडला. मराठीत त्याला 'शाश्वत वाढ' म्हणतात, पण त्या शब्दाने पर्यावरणाचा भास होतो, म्हणून मी 'पेलणारी वाढ' म्हणतो.

आपल्याकडे सोयाबीनचे घरचे बियाणे राखून ठेवण्याची पद्धत आहे. समजा, शेतकरी घरचे जेवढे बियाणे राखतो तेवढेच शेजारी त्याला उसने देतो, एका पोत्यामागे एक पोते. अशा वेळी पेरा किती वाढेल, हे शेजाऱ्याच्या कणगीवर ठरत नाही. घरचे बियाणे किती वाढले, यावर ठरते. घरचे दहा टक्के वाढले तर उसनेही दहा टक्केच वाढणार आणि पेराही तेवढाच. पेलणारी वाढ म्हणजे भागीदारांचे भांडवल ज्या गतीने नफ्यातून वाढते तीच गती, कारण कर्जाचे प्रमाण तेच ठेवायचे असेल तर बाकी सगळे भांडवलाच्या मागे चालते.

गणित असे करायचे. भांडवलावरचा परतावा म्हणजे ३० भागिले १८०, म्हणजे १६.६७ टक्के. धंद्यात राहणारा हिस्सा ६० टक्के. दोहोंचा गुणाकार १० टक्के, म्हणजे ०.१०. हा गुणाकार एकातून वजा केला की ०.९० येतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.१११, म्हणजे ११.१ टक्के. टंकून ठेवायचे तर:

```
ROE = 30/180,  b = 0.60
g = (ROE*b) / (1 - ROE*b) = 0.10/0.90 = 11.1%
```

खालची वजाबाकी कशासाठी, असे अनेक जण विचारतात. १८० हे वर्षाअखेरचे भांडवल आहे आणि त्यात यंदाचे १८ लाख आधीच मिसळलेले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला भांडवल १६२ होते, आणि १८ भागिले १६२ केले तरी ११.१ टक्केच येतात. सुरुवातीचा आकडा हाताशी असेल तर सरळ हाच भागाकार करावा. अखेरचा आकडा घेऊन वजाबाकी विसरली की उत्तर १० टक्के येते आणि ते चुकीचे असते.

हे उत्तर पडताळून पाहू, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. विक्री ११.१ टक्क्यांनी वाढून ११११ झाली, तर यंत्रांसकट मालमत्ता ४४४ होईल, मालाचे देणे ४४ होईल आणि राखलेला २० लाख नफा धरून भांडवल २०० होईल. उरले २०० ते बँकेचे. म्हणजे कर्ज १८० वरून २०० झाले, २० लाखांनी वाढले. पेलणाऱ्या वाढीतही कर्ज लागतेच, फक्त ते भांडवलाच्या पावलाने चालते. एक रुपयाही नवे कर्ज न घेता किती वाढता येईल, हा प्रश्न निराळा आहे. याच आकड्यांवर त्याचे उत्तर जेमतेम सव्वापाच टक्के येते.

"पण बँक द्यायला तयार आहे ना?"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो खराही आहे. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका नायक समितीचे सूत्र वापरतात. रिझर्व्ह बँकेने १९९१ साली नेमलेल्या या समितीनुसार, पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरतात. त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालकाने घालायचे असतात. १२५० लाखांच्या उलाढालीवर हे २० टक्के म्हणजे २५० लाख होतात. आजची सीसी १२० आहे. म्हणजे कागदावर बँक दुपटीहून जास्त मर्यादा देऊ शकते. अर्थात प्रत्यक्ष उचल साठा आणि उधारी यांतून ठरणाऱ्या आहरण क्षमतेपुरतीच मिळते.

पण बँक किती देईल आणि आपल्याला किती पेलेल, ही दोन वेगवेगळी उत्तरे आहेत. दर वर्षी पंचवीस टक्के वाढ, यंत्रेही त्याच प्रमाणात, आणि तूट सगळी कर्जाने भरून काढली, असे तीन वर्षे चालवून पाहू. कर्ज १८० वरून पहिल्या वर्षी २४७.५, दुसऱ्या वर्षी ३३२ आणि तिसऱ्या वर्षी ४३७ होते. त्याच काळात भांडवल २६६ पर्यंतच पोहोचते. एकास एक असलेले प्रमाण १.६५ वर जाते. विक्री तीन वर्षांत दुपटीच्या जवळ गेली, पण कर्ज जवळजवळ अडीचपट झाले.

व्याजाचे काय?

हुशार वाचकाला इथे एक भोक दिसेल. कर्ज वाढले की व्याज वाढते, मग नफा ३ टक्केच कसा राहील? आक्षेप बरोबर आहे, पण त्याचे माप नीट घेतले पाहिजे. १० टक्के व्याजाने आजच्या १८० लाखांवर वर्षाला १८ लाख जातात. नफ्याचे प्रमाण ३ टक्क्यांवर स्थिर धरले की आपण नकळत व्याजही विक्रीबरोबर पंचवीस टक्के वाढेल असे धरतो, म्हणजे २२.५ लाख. प्रत्यक्षात २४७.५ लाखांवर २४.७५ लाख लागतील. चूक फक्त सव्वादोन लाखांची आहे. पहिल्या वर्षी ती सोडून दिली तरी चालते. तिसऱ्या वर्षी मात्र धरलेले व्याज ३५ लाख आणि प्रत्यक्षातले जवळजवळ ४४ लाख होते, म्हणजे साडेआठ लाखांची तफावत पडते, तीही सुमारे ५९ लाखांच्या नफ्यात. म्हणून एका वर्षापुरती ही पद्धत डोळे झाकून वापरावी, पण पाच वर्षांचा अंदाज करताना व्याजाची ओळ वेगळी काढून दरवर्षी नव्या कर्जावर मोजावी.

कोणती कळ फिरवली तर किती फरक पडतो?

मालकांना मी दोनच गोष्टी मोजून दाखवल्या, कारण बाकीच्या त्यांच्या हातात नव्हत्या. पहिली गोष्ट वसुलीची. उधारी साडेछत्तीस दिवसांवरून सत्तावीसवर आणली, तर पुढच्या वर्षीचे येणे १२५ ऐवजी सुमारे ९२.५ राहते आणि ३२.५ लाखांची गरज नाहीशी होते. ही रक्कम मोठी आहे, पण ती एकदाच मिळते. त्यानंतरच्या वर्षी दिवस पुन्हा कमी केल्याशिवाय तसा लाभ नाही, आणि ग्राहक व्यापारी दुसऱ्या मिलकडे वळण्याचा धोका असतोच.

दुसरी गोष्ट उचलीची. ती नफ्याच्या ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली की पेलणारी वाढ ११.१ वरून १५.४ टक्क्यांवर जाते आणि तो फायदा दरवर्षी मिळत राहतो. गंमत म्हणजे उचल तशीच ठेवून नफ्याचे प्रमाण ३ वरून ४ टक्के केले तरी उत्तर तेवढेच, १५.४ टक्के येते. डाळीच्या धंद्यात एक टक्का जास्त नफा कमावणे किती अवघड आहे, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. घरातली सहा लाखांची उचल सोडणे त्याहून सोपे की अवघड, हा मात्र त्यांच्या दोन भावांमधला विषय होता.

३१ मार्चचा आकडा वर्षभराचा नसतो

या सगळ्या मांडणीची एक मर्यादा मराठवाड्यातल्या मिलवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तुरीची आवक डिसेंबरअखेर सुरू होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये भरात असते. त्यामुळे ३१ मार्चला गोदाम भरलेले असते आणि ऑक्टोबरमध्ये ते बरेच रिकामे होते. मार्चच्या साठ्यावरून काढलेली टक्केवारी वर्षाच्या वरच्या टोकाची गरज सांगते, सरासरी गरज त्याहून कमी असते. ज्याचा हंगाम वेगळा आहे, उदाहरणार्थ हिवाळ्यात विकणारा गूळ व्यापारी, त्याचा मार्चचा ताळेबंद उलट गरज कमी दाखवू शकतो. बारा महिन्यांच्या साठ्याचे जे विवरण बँकेला दर महिन्याला जाते, त्याची सरासरी या हिशोबाशेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत फार अंतर असेल तर टक्केवारी विवरणावरून घ्यावी.

शेवटी आम्ही तो रकाना पुन्हा भरला. रिकामी क्षमता वापरून, नवे यंत्र न घेता अठरा टक्के वाढ धरली तर विक्री ११८० होते. रोख, उधारी आणि साठा मिळून ५०.४ लाखांनी वाढतात, मालाच्या देण्यातून ७.२ लाख आणि नफ्यातून २१.२४ लाख येतात, आणि बाहेरून लागतात २२ लाख. कर्ज २०२, भांडवल २०१, म्हणजे प्रमाण जवळजवळ एकास एकच. रिकाम्या क्षमतेने या एका वर्षापुरती पेलणारी वाढ अकरावरून अठरावर नेली होती आणि मिल त्या वर्षाअखेर चौऱ्याण्णव टक्के क्षमतेला पोहोचणार होती. मालकांनी पंचवीसवर काट मारून अठरा लिहिले. उचलीची ओळ मात्र त्यांनी पेन्सिलीनेच ठेवायला सांगितली, धाकट्या भावाशी बोलून आकडा कळवतो म्हणाले.